अंधारातली उंची

विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेले की मला एक खोड आहे. मुलं बोलायला लागायच्या आधी मी त्यांच्या आलेखाजवळ जाते, चष्मा कपाळावर सारते आणि ठिपके बघते. रेघ नाही, ठिपके. रेघ काय, पट्टी लावली की कुणीही ओढतं. ठिपके मात्र रोजच्या रोज मोजून टाकलेले आहेत की आदल्या रात्री जेवणं झाल्यावर बसून भरलेले, ते लपत नाही. रात्री भरलेले ठिपके फार शहाणे असतात. एक सेंटिमीटर, दोन, तीन, चार असे ओळीने जिना चढतात. मूग घ्या, मेथी घ्या, कुठलंच रोप असं हिशेबानं वाढत नाही. दोन दिवस ते मातीखाली गप्प असतं, मग एका रात्रीत बोटभर वर येतं, थंडी पडली की रेंगाळतं. खरा आलेख थोडा अडखळतोच.

परवा तालुक्याच्या प्रदर्शनात असा एक अडखळणारा आलेख बघितला. सभागृहाच्या दाराशी, मानाच्या जागी, इंजेक्शनच्या सिरिंजांवर चालणारा जेसीबी होता. त्याच्या शेजारी दर अर्ध्या तासाने फेसाळणारा ज्वालामुखी, पलीकडे थर्माकोलच्या शेतातलं ठिबक सिंचन. गर्दी सगळी तिकडेच. हा आलेख होता पार कोपऱ्यात, खिडकीखाली. बाकावर बुटांची पाच रिकामी खोकी मांडलेली. चार खोक्यांच्या झाकणाला चौकोनी खिडकी कापून तिच्यावर जिलेटीन कागद चिकटवला होता: लाल, निळा, हिरवा आणि एक बिनरंगी. पाचव्या खोक्याला खिडकीच नव्हती. त्याला आतून काळा कागद आणि कडांना चिकटपट्टी. प्रत्येक खोक्यात चहाचा कागदी पेला, पेल्यात माती, मातीत पाच मूग. मागच्या भिंतीवर आलेख कागदाचे चार तुकडे जोडून केलेला मोठा आलेख. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर रोपांची सरासरी उंची, सेंटिमीटरमध्ये. पाच स्केचपेनांच्या पाच रेघा. आणि या पाचही रेघा पाचव्या दिवशी थांबलेल्या, सातव्या दिवशी पुन्हा सुरू झालेल्या. मधे एक कोरी पट्टी.

“हे काय गं?” मी विचारलं.

“रविवार,” ती म्हणाली.

शाळा बंद, खोकी शाळेत, म्हणून त्या दिवशीचं माप नाही. आजूबाजूचे दोन ठिपके जोडून टाकले असते तर कुणी काही म्हणालं नसतं. सगळे तेच करतात, मोठमोठी माणसंही करतात. हिने जोडले नव्हते. मी खुर्ची ओढून बसले.

ती आठवीतली. दोन वेण्या, लाल रिबिनी, हात पाठीमागे बांधलेले. भाषण सुरू झालं ते अर्थातच “सन्माननीय परीक्षक, वंदनीय गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो” या एका श्वासात. मग उपकरणाचं नाव, साहित्य, कृती. या भागात मुलं कुणाकडेही बघत नाहीत. त्यांचे डोळे हवेत कुठेतरी लिहिलेली वही वाचत असतात, आणि एखादा शब्द निसटला की पुन्हा ‘सन्माननीय’पासून सुरुवात. हिचंही तसंच चाललं होतं. पण आलेखापाशी आल्यावर तिने पाठीमागचा एक हात सोडवून घेतला, बोट रेघेवर ठेवलं आणि तिचा आवाजच बदलला. पाठ केलेला आवाज संपला, घरचा सुरू झाला.

“ही निळी रेघ बघा. सातव्या दिवशी बारा. आठव्या दिवशी साडेअकरा.”

“म्हणजे रोपं आखडली?”

“नाही मॅडम. उंदीर आला.”

मग तिने वही उघडून दाखवली. निळ्या खोक्यात सातव्या दिवशी पाच रोपं होती: एक सोळा सेंटिमीटरचं, एक बाराचं, दोन अकराची आणि एक दहाचं. बेरीज साठ, सरासरी बारा. रात्री उंदराने खोकं कुरतडलं आणि नेमकं सोळाचं रोप खाल्लं. उरलेली चारही त्या दिवसात अर्धा अर्धा सेंटिमीटर वाढली होती. साडेबारा, साडेअकरा, साडेअकरा, साडेदहा. बेरीज सेहेचाळीस, भागिले चार, साडेअकरा. प्रत्येक रोप अर्ध्या सेंटिमीटरने वर गेलं आणि रेघ अर्ध्या सेंटिमीटरने खाली आली. हे तिने इतक्या सहज सांगितलं, की मला माझे जुने दिवस आठवले. पदवीच्या वर्गाला सरासरी शिकवताना मी फळ्यावर काय काय लिहीत असे. असा उंदीर मला कधी सुचला नव्हता.

मोजायची तिची रीतही मला आवडली. काळ्या खोक्यातली रोपं सरळ उभी राहत नाहीत. लांबतात, वाकतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात. पट्टी उभी धरली तर उंची कमी भरते. म्हणून तिने शिवणाचा दोरा घेतला होता. मातीपासून देठाच्या वळणावळणाने शेंड्यापर्यंत दोरा न्यायचा, तिथे नखाने चिमटीत धरायचा, सरळ करून पट्टीवर ठेवायचा. तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखावर स्केचपेनची काळी खूण अजून होती. दोऱ्यावरची जागा सरकू नये म्हणून ती नखानेच ठिपका उमटवत असे.

आता आलेखातल्या मुख्य गोष्टीकडे. नवव्या दिवशी सगळ्यात खाली होती बिनरंगी कागदाखालची रेघ, दहा सेंटिमीटरवर. तिच्या वर निळी, बारावर. मग लाल, सतरा. मग हिरवी, एकोणीस. आणि या सगळ्यांना खाली टाकून, जवळजवळ कागदाच्या कडेला जाऊन भिडलेली काळी रेघ: चोवीस. ज्या खोक्यात उजेडाचा कणही जाऊ दिला नव्हता, त्यातले मूग सगळ्यांत उंच.

भाषणात पुढे ‘निष्कर्ष’ होता. निष्कर्ष सरांनी लिहून दिलेला असतो, तो बदलत नाही. तिचा आवाज पुन्हा पाठांतराच्या पट्टीत चढला: “यावरून असे सिद्ध होते की, सूर्यप्रकाशात वनस्पतींची वाढ सर्वाधिक…” आणि ती थांबली. बोट अजून काळ्या रेघेच्या टोकावरच होतं. वाक्य एकीकडे निघालं होतं, बोट दुसरीकडे. तिने आधी बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“पण मॅडम, माझ्या आलेखात तसं नाही आलं.”

टेबलामागे उभे असलेले मार्गदर्शक शिक्षक खाकरले. बिचाऱ्यांचीही पंचाईत होती. खोकी अदलाबदल झाली असतील, असं त्यांना पहिल्या वेळी वाटलं होतं, म्हणून त्यांनी प्रयोग पुन्हा करायला लावला. पुन्हा तेच आलं. तेव्हा त्यांनी निष्कर्ष तसाच ठेवला आणि आलेखही तसाच राहू दिला. एका चार्टवर दोन परस्परविरोधी विधानं शेजारी शेजारी नांदत होती. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी आलेख खोडायला लावला नाही, हेच मला पुष्कळ वाटतं.

“मग तुला काय वाटतं? अंधारात झाड चांगलं वाढतं?”

“नाही,” ती लगेच म्हणाली. मग जरा थांबून, “आमच्या घटातपण असंच येतं.”

हे मला अपेक्षित नव्हतं. खरं तर असायला हवं होतं. आमच्याकडे घटस्थापनेला परडीत नाहीतर पत्रावळीवर काळी माती पसरतात, तिच्यात धान्य पेरतात, मधे घट ठेवतात. देवघर घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत. उजेड काय तो नंदादीपाचा. रोज पाणी. नऊ दिवसांत गहू-ज्वारीचे कोंब वीतभर होतात, पिवळेधम्मक, लुसलुशीत, आणि दसऱ्याला ते उपटून पुरुषांच्या टोपीत आणि बायकांच्या केसांत जातात. घट उंच आला की साल चांगलं जाणार, असं घरोघरी म्हणतात. हिची आजीही म्हणते. हिला एवढंच विचारायचं होतं, की रानातला गहू नऊ दिवसांत एवढा होत नाही, मग देवापुढचा कसा होतो? आजी म्हणाली, देवीची कृपा. मुलीने बुटांची खोकी जमवली.

बी मातीखाली रुजतं तेव्हा त्याला वर किती माती आहे हे ठाऊक नसतं. जवळ असते फक्त शिदोरी, डाळीच्या दोन फाकांत भरलेली. ती संपायच्या आत उजेडापर्यंत पोचायचं. म्हणून अंधारात कोंब बाकी सगळे खर्च बंद करतो. पानं पसरत नाही, हिरवा रंग तयार करत नाही, देठ जाड करत नाही. सगळं बळ लांबीत घालतो. शेंडा पुढे न काढता आकड्यासारखा खाली वळवून ठेवतो, म्हणजे मातीचे खडे कोवळ्या पानांना लागत नाहीत. उजेड दिसला की काही तासांत सगळा बेत पालटतो: आकडा सरळ होतो, पानं उलगडतात, हिरवी होतात आणि देठाची धाव मंदावते. काळ्या खोक्यातल्या मुगाच्या लेखी तो अजून जमिनीखालीच होता. चोवीस सेंटिमीटर चढूनही त्याची माती संपली नव्हती.

तिच्या आलेखाला दहाव्या दिवसाचा रकानाही होता. त्यात चार रेघा थोड्या पुढे गेल्या होत्या. काळी रेघ मात्र नवव्या दिवशीच थांबली होती आणि तिच्या टोकाशी बारीक फुली मारून लिहिलं होतं: ‘आडवी पडली.’ शिदोरी संपली की असंच होतं.

उरलेल्या रंगांचं कोडं अधिक गुंतागुंतीचं आहे, आणि तिथे पाठ्यपुस्तकी उत्तर पुरत नाही. भाषणात एक वाक्य होतं, की पानं हिरवा रंग परावर्तित करतात, त्यामुळे हिरव्या प्रकाशाचा वनस्पतींना उपयोग नाही. हे मीही अनेक चार्टांवर वाचलं आहे. पान हिरवं दिसतं ते थोडा हिरवा उजेड परत पाठवतं म्हणून. पण त्याच्यावर पडलेल्या हिरव्या उजेडातला बराच मोठा भाग ते शोषूनच घेतं. मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने 1972 साली 22 जातींच्या पिकांची पानं एकेका रंगाच्या उजेडात ठेवून त्यांचं प्रकाशसंश्लेषण मोजलं. लाल उजेडात ते सर्वांत जास्त भरलं, हिरव्यात कमी. पण हिरव्यात ते बंद पडलं नाही, चांगलं चालू होतं.

मग हिरव्या कागदाखालचे मूग इतके उंच का? याचं उत्तर माणसाच्या डोळ्याला न दिसणाऱ्या रंगात आहे. लाल रंगाच्या पलीकडे, जिथे आपली नजर संपते, तिथे एक अतिलाल पट्टा आहे. आपल्याला तो दिसत नाही, झाडांना कळतो. कसा, याचा उलगडा अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथल्या सरकारी शेती संशोधन केंद्रात झाला. बोर्थविक आणि हेंड्रिक्स यांच्या गटाने लेट्यूसचं बी भिजवून अंधारात ठेवलं. फारच थोडं रुजलं. तसंच बी क्षणभर लाल उजेडात धरलं, तर जवळजवळ सगळं रुजलं. लालनंतर लगेच अतिलाल दाखवला, तर पुन्हा थोडंच. मग ते लाल, अतिलाल, लाल, अतिलाल असं आलटून पालटून दाखवत गेले, आणि बी दर वेळी शेवटी जो रंग दिसला त्याचंच ऐकत गेलं. हे 1952 साली प्रसिद्ध झालं. बियात एखादा पदार्थ आहे, जो लाल उजेडाने एका बाजूला कलतो आणि अतिलालने परत फिरतो, असा त्यांचा तर्क होता. पुढे तो पदार्थ हाती लागला. त्याला फायटोक्रोम म्हणतात.

उघड्या उन्हात लाल आणि अतिलाल जवळजवळ सारखे असतात. पण ऊन एखाद्या पानातून गाळून आलं, की लाल भाग पानाने खाल्लेला असतो आणि अतिलाल तसाच पार होतो. खालच्या रोपाला फायटोक्रोमच्या वाटे कळतं, की आपल्या डोक्यावर दुसऱ्याची सावली आहे. मग ते उंच व्हायच्या मागे लागतं. दाट पेरलेली मेथी काटकुळी होऊन वर येते, ज्वारी दाट झाली की वाऱ्यात लोळते, आणि शेतकरी विरळणी करतो, ती याच कारणाने. हिरवा जिलेटीन कागदही पानासारखाच वागतो: लाल अडवतो, अतिलाल सोडून देतो. शिवाय उजेड कमी करतो तो वेगळाच. त्या खोक्यातल्या मुगांना वाटत होतं, आपण कुणाच्या तरी पानाखाली उगवलो आहोत.

निळ्याचं काम याच्या उलट. देठाच्या लांबण्याला लगाम घालणारा खरा रंग निळा. त्यासाठी रोपाकडे क्रिप्टोक्रोम नावाचे वेगळे पदार्थ असतात. लाल कागदाखाली निळा उजेड पोचत नाही, लगाम सुटतो, देठ लांबतो. निळ्याखाली लगाम बसतो. बिनरंगी कागदाखाली सगळे रंग असतात, उजेडही भरपूर, म्हणून तिथली रोपं सगळ्यांत बुटकी. तिच्या पाच रेघांचा क्रम उगाच लागलेला नव्हता.

पण या आलेखात एक खोट आहे, आणि असा प्रयोग करणाऱ्या बहुतेकांच्या आलेखात ती असते. रंग बदलला तेव्हा उजेडाची मात्राही बदलली. मी तिला विचारलं, “कोणत्या खोक्यात उजेड सगळ्यात कमी?”

“निळ्यात.”

“कशावरून?”

“आत पुस्तक ठेवून बघितलं. निळ्यात वाचताच येत नाही.”

मला हसू आलं, पण रीत चुकीची नव्हती. इतर मुलं एवढंही करत नाहीत. अडचण एवढीच, की पुस्तक वाचतो तो डोळा, आणि डोळा हिरव्याला फार मान देतो. सारखेच प्रकाशकण आले तरी हिरवा उजेड आपल्याला लख्ख वाटतो आणि निळा अंधुक. मोबाइलमधलं उजेड मोजायचं ॲप लक्समध्ये आकडा देतं, तेही माणसाच्या डोळ्याच्याच मापाने. पानाचं माप वेगळं. त्यामुळे शाळेतल्या साधनांनी एवढंच म्हणता येतं, की या कागदांखाली मूग असे वाढले. रंगामुळे किती आणि मंद उजेडामुळे किती, हे वेगळं काढायचं तर बिनरंगी खिडकीवर ट्रेसिंग पेपरचे एकावर एक थर लावून तिथला उजेडही मंद करावा लागेल, आणि अशी दोन-तीन बिनरंगी खोकी जोडीला ठेवावी लागतील. तिने हे वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. ‘ट्रेसिंग’ कसं लिहायचं म्हणून अडली, मग सरळ ‘तेलकट कागद’ लिहिलं. तेही चालेल.

दुपारी पुन्हा तिकडून जाताना ती रडवेली दिसली. प्रदर्शनासाठी तिने सात दिवस आधी नव्याने मूग पेरले होते, जुने तर आडवे पडले होते. सकाळी काळ्या खोक्यातली रोपं पिवळीफटक, मान खाली घातलेली. पण येणारा प्रत्येक जण म्हणे, “बघू बघू, अंधारातलं दाखव,” आणि ही झाकण उघडी. आमदारांच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा ते खोकं फोटोसाठी चांगलं दहा मिनिटं उघडं होतं. दुपारपर्यंत रोपांनी माना सरळ केल्या होत्या, पानांवर फिकट हिरवी झाक आली होती. “आता कुणी विश्वास ठेवणार नाही,” ती म्हणाली. मला मात्र तो सबंध प्रदर्शनातला सगळ्यात चांगला प्रयोग वाटला. अंधारातल्या रोपात हिरव्या रंगाची कच्ची तयारी करून ठेवलेली असते. उजेडाची तिरीप पडायचा अवकाश, की शेवटचा टप्पा सुरू होतो. प्रयोगशाळेत अशी रोपं मोजताना म्हणूनच अगदी मंद हिरवा दिवा वापरतात, कारण त्या उजेडाने ती कमीत कमी चाळवतात. या मुलीच्या खोक्यातल्या हिरवाईला तर आमदारांसकट सगळा तालुका कारणीभूत होता. मी तिला म्हटलं, पाटीवर लिही: ‘सकाळी दहा वाजता पिवळी होती, उघडल्यावर दुपारी दोन वाजता अशी झाली.’ तिने डोळे पुसून लिहिलं.

राहिला तिचा खरा प्रश्न. अंधारातलं रोप उंच आहे, तरी ते चांगलं वाढलेलं नाही, हे तिला मनातून पक्कं माहीत होतं. दाखवायचं कसं, ते सापडत नव्हतं. तिच्या उभ्या अक्षावर उंची होती, आणि उंचीला विचारलं तर उंची अंधाराच्याच बाजूने साक्ष देणार. मुळासकट रोप उपटून काट्यावर टाकलं तरी भागत नाही. अंधारातला लांबलचक देठ पाण्याने टम्म भरलेला असतो. वजन करा, कधी कधी तोच जड भरेल. पाणी उडवून लावलं पाहिजे. मग जे उरतं, ते रोपाने खरंच कमावलेलं.

कोरड्या वजनाचा हा हिशेब मी कॉलेजात दर वर्षी मुलांकडून करून घेत असे, आणि दर वर्षी मुलं काट्याला दोष देत. कारण अंधारातल्या वीतभर रोपांचं कोरडं वजन, ती ज्या बियांतून आली त्या बियांपेक्षा कमी भरतं. दहा-बारा दिवसांत पाव भागाच्या आसपास घट सहज दिसते. रोप श्वास घेतं, श्वासात साठ्यातलं पिठूळ जळतं, त्याचा कार्बन हवेत जातो, आणि उजेड नसल्याने परत काही जमा होत नाही. उजेडातल्या रोपाचंही वजन पहिल्या काही दिवसांत असंच घटतं. पण पानं उलगडली की घट थांबते आणि भरपाई सुरू होते. वजन उभ्या अक्षावर घेतलं, तर तिची काळी रेघ पेरणीच्या दिवसापासून खालीच उतरत गेली असती.

परीक्षकांच्या तक्त्यात ‘निष्कर्षाची अचूकता’ असा एक रकाना असतो, दहा गुणांचा. तिने बोलताना निष्कर्ष अर्ध्यावर सोडला होता. त्या रकान्यात मी पूर्ण दहा दिले. बाकीच्या दोन परीक्षकांनी किती दिले मला माहीत नाही. पहिला नंबर जेसीबीचा आला.

येत्या नवरात्रात तुमच्याकडे घट बसत असतील, तर त्याच दिवशी तेच धान्य दुसऱ्या एका परडीत पेरून ती दारातल्या उन्हात ठेवा. पाणी दोन्हीकडे सारखं. दसऱ्याला टोपीत खोवायचे तेवढे कोंब बाजूला काढा, आणि उरलेल्यांची उंची दोऱ्याने मोजा, पट्टी उभी धरून नको. वजन करायचं असेल तर पेरण्याआधी दाणे मोजून त्यांचं वजन लिहून ठेवा, आणि शेवटी रोपं मुळांसकट, माती चाळणीत धुऊन, कागदावर पसरून कडक उन्हात वाळवा. लागोपाठ दोन दिवसांचं वजन सारखं आलं की ती वाळली असं समजा. धुताना मुळं तुटू देऊ नका. आणि मूग घेणार असाल तर दर परडीला निदान पन्नास दाणे हवेत. पाच मुगांचं मिळून वजन पाव ग्रॅमही भरत नाही, आणि ते सोनाराच्या काट्याखेरीज दुसऱ्या कशावर धड कळत नाही.